कन्यादानाचा फोल्डर

चौथीत दोनदा बसलेला माणूस मी. डोंबिवलीच्या फोटो स्टुडिओत फायली जपायचं काम मिळालं आणि मला वाटलं, आपण शहाणे झालो. मराठी टायपिंग आलं म्हणून फोल्डरची नावं मी लग्नपत्रिकेसारखी लिहायचो. एकदा कन्यादानाच्या फोल्डरला वधूपिता, वधूमाता, मामा, सगळ्यांची नावं दिली. श्री., सौ. सकट. मान राखायला नको?

कॉम्प्युटरची डिस्क भरली, तेव्हा ते अख्खं लग्न मी स्टुडिओच्या बॅकअप डब्यात, म्हणजे जुने फोटो साठवायच्या वेगळ्या यंत्रात, कॉपी करायला घेतलं. मध्येच स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी पाटी आली. त्यातला 'स्किप' तेवढा मला ओळखीचा, तो दाबला. वडा खात होतो. मग कॉम्प्युटरवरचं सगळं उडवलं. कॅमेऱ्याची कार्डं आधीच पुसलेली. त्या जागेत दोन लग्नं भरून मोकळा झालो.

तीन महिन्यांनी ती नवरी कळव्याहून आली. वडील मागच्या आठवड्यात गेले, म्हणाली. अल्बमचं अजून ठरायचंच होतं, पण कन्यादानात बाबांनी तिचा हात हातात धरलेला तो फोटो तिला तेराव्याला हवा होता. डब्यात हळद होती, सप्तपदी होती, आईस्क्रीम खाणारे पाहुणेसुद्धा होते. कन्यादान नव्हतं.

वर्तकनगरचा रिपेअरवाला आला, त्याने समजावलं. कॉम्प्युटर विंडोजवर चालतो, डबा लिनक्सवर. तिथे एका नावाला दोनशे पंचावन्न घरं. इंग्रजी अक्षर एक घर घेतं, मराठी तीन, आणि काना-मात्रा-वेलांटीला पण तीन-तीन. विंडोज मात्र प्रत्येकाला एकच मोजतं, म्हणून तिथे माझी पत्रिका मावली. डब्याने नाव नाकारलं, तसा आतल्या फोटोंसकट फोल्डर वगळला गेला. ती पाटी हेच सांगत होती.

"कन्यादान एवढंच लिहिलं असतंस तर काय हात झडले असते का रे?" दादा म्हणाले. दादा म्हणजे मालक. मी हसायला गेलो. हसू आलं नाही, आंबट ढेकर आला.

रिपेअरवाल्याने दोन दिवस डिस्क खरवडली. एकच फोटो निघाला, तोही अर्धा. वर पगडी, बाबांचा चेहरा. छातीखाली सगळं करडं. हात तिथेच कुठेतरी गेलेले. तिला आधी फोन करून सांगायला हवं होतं. मी नाही केला.

ती आली ती फ्रेम घेऊनच. अख्ख्या फोटोच्या मापाची. स्क्रीनकडे बघत राहिली. मी पाटीचं, वड्याचं, सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल, बरं होईल.

"काका, चेहरा आहे ना," ती म्हणाली. "तेवढा कापून द्या."

कापला. फ्रेमच्या अर्ध्यातच आला. उरलेल्या जागेत मी पांढरा कागद घातला, काच पुसली, आणि तिच्या हातात दिली. मला माझ्याच बोटांची किळस आली.