पासवर्ड माझा बरोबर होता

पाटण तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ दगडखाण होती, तिथं माझे वडील खडी फोडायचे. आई लोकांच्या रानात भांगलायला जायची. भाकरी थापायला बसली की ती आधी माणसं मोजायची, मग पीठ. मी सहावीत असताना सुरुंगाचा दगड लागून वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी मुकादम घरी कागद घेऊन आला. "औषधपाण्याचा कागद हाय, कर अंगठा." वडिलांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. त्या कागदात लिहिलं होतं की अपघाताच्या दिवशी ते कामावर नव्हतेच. घरात वाचता येणारी मी एकटी, आणि मी तेव्हा शाळेत होते.

त्यानंतर आमच्या घरात एकच नियम राहिला. वाचल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही.

साताऱ्यात वसतिगृहात राहून मी पदवी घेतली. घराण्यातली पहिली. पुढं कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि नव्वदचं दशक संपता संपता सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या पलूस गट ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले. हंगामी. वर्ष नीट गेलं तर कायम करणार होते.

काम उसाच्या नोंदींचं. कुणी कधी लागण केली ती तारीख मी घालायची, आणि त्या तारखेवर कुणाचा ऊस आधी तुटणार ते ठरायचं. नोंदी असायच्या कारखान्यातल्या सर्व्हरवर. आम्ही मोडेम लावून टेलिफोनच्या तारेवरून तिथं पोचायचो. वाटेत कुणी तारखा वाचू नयेत, फिरवू नयेत म्हणून सगळं बोलणं सांकेतिक व्हायचं. त्या साली कारखान्याने नवा सर्व्हर घेतला. सांकेतिक बोलण्याची जुनी पद्धत कच्ची ठरली होती, म्हणून हा सर्व्हर फक्त पुढच्या आवृत्तीतच बोलणार होता. आमच्या मशीनवरचा प्रोग्रॅम जुना. त्याला नवी आवृत्ती यावी म्हणून प्रत्येक गट ऑफिसला तीन फ्लॉप्या आल्या. मी तेव्हा कारखान्यावर प्रशिक्षणाला गेले होते. फ्लॉप्या आमच्या हेडक्लार्कनी घेतल्या आणि पोचपावतीवर लिहून दिलं, "बसवल्या."

त्याच्या आठवडाभर आधी खंडेनवमी झाली होती. ऑफिसातल्या वजनकाट्यापासून टाइपरायटरपर्यंत सगळ्याची पूजा झाली, मशीनचीही. हेडक्लार्कनी स्वतः हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मला म्हणाले, "ये गं, हात जोड. ह्याच्यावर पोट हाय तुझं."

"पोट माझ्या कामावर आहे, साहेब. आमच्या घरात पूजा नसते." मी बाजूला उभी राहिले. आम्ही बौद्ध. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

नवा सर्व्हर सोमवारी सुरू झाला. मी नाव घातलं, पासवर्ड घातला. मोडेम किंचाळलं, लाइन लागली, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: हँडशेक फेल. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तोडणीचा पहिला कार्यक्रम गुरुवारी लागायचा होता, आणि पलूस गटाच्या शेवटच्या नोंदी माझ्या मशीनमध्ये अडकल्या होत्या.

हेडक्लार्क हसले. "हात जोडलं न्हाईस तवा. रुसलंय मशीन."

कारखान्यातून कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांचा फोन आला. "पासवर्ड विसरला असाल, बाई. बाकी सगळे गट चालू आहेत."

पासवर्ड मी विसरले नव्हते, पण बाईमाणसाचं नुसतं तोंडी कोण ऐकतो? म्हणून मुद्दाम चुकीचा पासवर्ड घालून बघितला. पासवर्ड चुकला तर मशीन एरवी तसं स्पष्ट सांगायचं. आता तीच जुनी ओळ आली, अक्षरही इकडचं तिकडं नाही. म्हणजे पासवर्डपर्यंत गोष्ट जातच नव्हती. लाइन तपासली. सर्व्हरला नुसती हाक घातली की त्याचं उत्तर येत होतं. मग आष्ट्याच्या गट ऑफिसला फोन केला. तिथल्या ऑपरेटरला म्हटलं, तुझ्या प्रोग्रॅमचा आवृत्तीचा आकडा वाच रे. त्यानं वाचला. माझ्या पडद्यावरचा आकडा वेगळा होता. जुना.

कपाट उघडलं. तिन्ही फ्लॉप्या आल्या तशाच, वर रबर बांधलेलं. पहिली आत घातली तर मशीननं खर्र खर्र केलं आणि वाचता येत नाही म्हणून सांगितलं. मी वीज बंद केली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ड्राइव्ह खोलला. आत सगळं लाल. आणि मधोमध तांदळाचे दोन दाणे.

हेडक्लार्क माझ्या मागं उभे होते. हळूच म्हणाले, "घातली हुती मी. लय आवाज केला, भ्यालो. आवं, मला रिटायर व्हायला चार म्हयनं ऱ्हायलंत." मला ते पहिल्यांदाच 'आवं' म्हणाले.

मंगळवारी कॉम्प्युटर विभागाचे साहेब जीप घेऊन आले. त्यांच्या हातात पोचपावती होती. "कागदावर प्रोग्रॅम नवा आहे. म्हणजे चूक ऑपरेटरची. हे बघा, मी सर्व्हरवर जुनी आवृत्तीही चालू ठेवतो, तुमचं काम होऊन जाईल. फक्त यावर सही करा." त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं केला. घाईचा होता. साहेब उभेच होते.

मी खाली बसून तो शेवटपर्यंत वाचला. चुकीचा पासवर्ड वारंवार घातल्यामुळे काम खोळंबलं, असं माझ्या नावानं लिहिलं होतं.

"नाही करत," मी म्हटलं.

"कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

"व्हायचंय. पण खोटं लिहून नाही. साहेब, हँडशेक म्हणजे दोन्ही मशीनं आधी एकमेकांना विचारतात, कुठली आवृत्ती येते. आमचं म्हणतं, जुनी. सर्व्हर म्हणतो, जुनी चालत नाही, आणि फोन ठेवतो. पासवर्ड जातो त्याच्यानंतर. आणि जुनी आवृत्ती चालू केलीत तर ती एकट्या पलूसला थोडीच होणार? दार सगळ्यांनाच उघडं. जुनी कच्ची आहे, हे तुम्हीच आम्हाला प्रशिक्षणात सांगितलंत."

साहेबांनी हेडक्लार्कांकडं बघितलं. मला वाटलं, हे आता गप्प बसणार. पण मी ड्राइव्हमधून काढून टेबलावर ठेवलेले ते दोन दाणे उचलून त्यांनी साहेबांच्या पुढं ठेवले.

"बाईचं बरोबर हाय. मशीनला कुंकू मी चारलं. पावतीबी माझीच."

साहेबांना हसू आवरेना. "काका, अक्षता देवावर टाकतात, ड्राइव्हमध्ये नाही."

"ते लगीन लागायचं राहिलं न्हवं का साहेब, ह्याचं नि त्या सर्व्हरचं," हेडक्लार्क म्हणाले.

मी हसले नाही. मी म्हटलं, "तो कागद फाडा." त्यांनी माझ्यासमोर फाडला.

बुधवारी नवा ड्राइव्ह आला. तिन्ही फ्लॉप्या मी एकामागून एक बसवल्या, नाव आणि तोच पासवर्ड घातला. आत गेले. दुपारपर्यंत पलूस गटाच्या सगळ्या नोंदी कारखान्यात पोचल्या, आणि गुरुवारी तोडणीचा कार्यक्रम वेळेवर लागला. हेडक्लार्कांना एक मेमो मिळाला, निवृत्ती ठरल्या दिवशी झाली.

हंगाम संपल्यावर कायम झाल्याची ऑर्डर आली. ती घेऊन मी गावी गेले आणि वडिलांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. मग खाली सही केली.