दोन पानांत नाना कुठेच नाहीत

पन्नाशीला टेकलेला माणूस, डोक्यावर चंद्र उगवलेला, तरी अख्खा बाजार त्याला ‘धाकटे’च म्हणायचा. दुकान बिजागऱ्या, कड्या, कुलपं आणि खिळ्यांचं. गल्ल्यावर थोरला भाऊ, म्हणजे दादा. बाकी सगळीकडे धाकटा: शिडीवर, माळ्यावर, गोदामात, फोनवर. आणि या दोघांच्या वर नाना, त्यांचे वडील. नानांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण दुकानातून ते काही गेले नव्हते. त्यांच्या स्टुलावर अजून कोणी बसत नसे. त्यांनी घालून दिलेला नियम अजून चालू होता: दुकानात आलं की मोबाइल बंद करून खणात.

आणि माळ्यावर काही वाजलं की खालून नानांची हाक यायची, “वर कोण?” त्यावर उत्तर ठरलेलं, “मी, धाकटा!” नाना गेले, हाक दादाकडे आली. आवाजही आला. तोच खर्ज, तीच शेवटी ओढलेली खरखर.

शिवाय खोकला होताच. दुपारी गिऱ्हाईक नसताना, बारीकसा, दोनदा. विंगेत उभ्या असलेल्या नटाने प्रवेशाआधी घसा साफ करावा तसा. धाकटा मान वर करायचा. स्टूल रिकामं असायचं. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले असते, खिळ्यांबरोबर याचेही स्क्रू ढिले झाले.

एका काउंटरवर दोन संसार उभे राहीनासे झाले होते. दोघांनाही ते कळत होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हते. मोठ्या इस्पितळाच्या देखभाल विभागाला सामानाच्या कोठारासाठी माणूस हवाय, असं तिथला इंजिनिअर बिजागऱ्या घेताना सहज बोलून गेला, आणि धाकट्याची झोप उडाली.

तो रविवारी भाचीकडे गेला. ती एका कंपनीत नोकरभरतीचंच काम करायची.

“मामा, बायोडेटा आहे?”

“लग्नाच्या वेळी केला होता.”

“अरे देवा! त्यात उंची आणि रास असेल.” तिने लॅपटॉप उघडला. “बोल. हुद्दा काय लिहू?”

“हुद्दा? धाकटा.”

ती खळखळून हसली, मग मामा हसत नाही हे पाहून थांबली. “बरं, हुद्दा मागून. करतोस काय ते सांग.”

“आम्ही माल मागवतो. आम्ही दर पाहतो, आलेला माल बिलाशी ताडून घेतो, संपत आला की आधीच...”

“आम्ही म्हणजे कोण कोण?”

“म्हणजे... मीच.”

“मग मी म्हण ना! मामा, ‘आम्ही’ला कोणी नोकरी देत नाही.”

पण ‘मी’ म्हणताना त्याची जीभ अडखळे. एवढ्या वर्षांत त्या दुकानात ‘मी’ हा शब्द फक्त माळ्यावरून उच्चारला गेला होता, आणि तोही लगेच ‘धाकटा’ची शेपटी लावून.

भाचीने नेटाने काम केलं. हुद्दा लिहिला, ‘खरेदी व साठा व्यवस्थापक’. तो दचकला. “अगं, खोटं नको.”

“काम तेच करतोस ना? नाव नव्हतं, काम होतं. मालक लिहिलं असतं तर खोटं.” खाली कामं लिहिली, एका ओळीत एक. दुकान सोडण्याचं कारण तिने लिहू दिलं नाही. “ते मुलाखतीत विचारतील, तेव्हा सरळ सांग. आणि ओळखीच्या दोन माणसांची नावं विचारतील. त्यात घरचं कोणी चालत नाही. ज्यांच्याकडून माल घेतोस, ज्यांना देतोस, त्यांना आधी विचारून ठेव.”

“नानांचं नाव कुठे येईल?”

“वडिलांचं नाव हल्ली कोणी लिहीत नाही रे.” तिने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. “वर फोन नंबर आणि पत्ता तेवढा घाल. मी चहा टाकते.”

दोन पानं. त्याने वरपासून खालपर्यंत वाचली. खिळे होते, कुलपं होती, वर्षं होती. नाना कुठेच नव्हते. भिंतीवरची तसबीर उतरवल्यावर चुना पांढरा दिसतो, तसं ते पान त्याला दिसलं. हात मात्र सवयीने चालले. आयुष्यभर कोणी नंबर मागितला की जो दिला, तोच त्याने टाइप केला: दुकानाचा. स्वतःच्या मोबाइलचा नंबर त्याला पाठही नव्हता. बायोडेटा तिथूनच इस्पितळाला गेला, आणि ही चूक चहाच्या वाफेत कोणाला दिसली नाही.

त्या आठवड्यात खोकला वाढला. स्टूल करकरलं. एकदा तर मानेमागे तपकिरीचा वास आला, नानांच्या तपकिरीचा. धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादा पेपरात तोंड खुपसून होता.

गुरुवारी धाकटा माळ्यावर पितळी कड्यांचं खोकं शोधत असताना फोन वाजला. फोन उचलायचा तो धाकट्याने, असा शिरस्ता. तो शिडीकडे वळला, पण फोन वाजायचा थांबला. आणि खालून नानांचा आवाज आला.

“हॅलो. हो, दुकानच... कोण? हो, आहेत. ते वर आहेत.”

ते! त्या आवाजाने धाकट्याला जन्मात कधी ‘ते’ म्हटलं नव्हतं. तो धुळीत तसाच मांडी घालून बसला.

“कसला अर्ज?” मग शांतता. इतकी, की रस्त्यावरची सायकलची घंटाही आत आली. आता आवाज चढेल. आता त्या आवाजात, ज्याला तो आयुष्यभर घाबरला, एक वाक्य येईल, की इथं असा कोणी नाही.

“हो, इस्पितळ. कळलं.” आवाज खाली आला. “मी? मी त्यांच्यासोबत काम करतो... तसं पाहिलं तर सगळं तेच करतात. मी गल्ल्यावर बसतो... मंगळवारी अकरा. सांगतो.”

फोन ठेवल्याचा आवाज झाला. धाकटा उठायला गेला आणि त्याचा पाय खोक्याला लागला.

“वर कोण?”

धाकट्याने तोंड उघडलं, पण ठरलेलं उत्तर आलं नाही. त्याने आपलं नाव-आडनाव सांगितलं, पानाच्या माथ्यावर लिहिलं होतं तसं.

खाली उतरला तेव्हा दादा त्याच्याकडे पाहत नव्हता. “अकराला बोलावलंय. तो निळा शर्ट घाल. इस्त्री करून. भिकाऱ्यासारखा जाऊ नकोस.”

“दादा, मी सांगणारच होतो रे.”

“केव्हा? पहिला पगार झाल्यावर?” तो हसायला गेला, जमलं नाही. “जा तू. काउंटर एकालाच पुरेल, मला दिसत नाही होय? पण...” त्याने रिकाम्या स्टुलाकडे हनुवटी केली. “तो खोकला. दुपारचा. तुलाही येतो ना ऐकू?”

धाकट्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. “तू कधी बोलला नाहीस.”

“तू मान वर करायचास, ते दिसायचं. म्हणून बरं वाटायचं. दोघं होतो.” दादाने खण उघडला, धाकट्याचा मोबाइल काढला आणि काउंटरवरून पुढे सरकवला. “चालू ठेव. आणि त्यांना हाच नंबर दे. इथे यापुढे मीच फोन उचलणार.”

धाकट्याने मोबाइल चालू केला. त्याच्या छोट्याशा उजेडात दोघांची तोंडं क्षणभर सारखी दिसली.

तेवढ्यात माळ्यावर काहीतरी सरकलं. खोकं असेल, उंदीर असेल. दादाची मान वर गेली, आणि सवयीने, नानांच्या आवाजात, त्याने हाक दिली,

“वर कोण?”

धाकटा त्याच्याशेजारी, खाली उभा होता.