‘नंबर चुकला’ नावाचा गठ्ठा

आई गेली त्या वर्षी मी पुण्यातली नोकरी सोडून नागपुरात परत आले आणि वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसायला लागले. दुःख होतं म्हणून आले, असं सगळे समजत होते. खरं सांगायचं तर मला काहीच होत नव्हतं. जेवण समोर आलं तर जेवत होते, कोणी बोललं तर उत्तर देत होते. बेसा भागातल्या घरातून सकाळी वडिलांच्या मागे स्कूटरवर बसायचं, सीताबर्डीतल्या दुकानात उतरायचं, संध्याकाळी परत. मध्ये काय झालं ते विचारलं तर सांगता आलं नसतं.

दुकानात आम्ही तिघंच. वडील फ्रेम दाखवत, काचेवर खुणा करत, तयार चष्मा बसवून देत. मी काउंटर सांभाळायचे. आणि मागच्या छोट्या खोलीत डोळे तपासायला एक मुलगी होती. तिनं त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. रोज उमरेडहून बसनं यायची, डब्यातली भाजी आधी वडिलांपुढे धरायची. चार वर्षं ती आमच्याकडे होती.

एके दिवशी एक बाई काउंटरवर येऊन म्हणाली, तुमच्या दुकानाबद्दल लोक नेटवर काय लिहितात ते जरा वाचा. चष्मा न घेताच निघून गेली. मी उघडून पाहिलं. नेटवरच्या नकाशावर दुकानाच्या नावाखाली चारशेच्या वर अभिप्राय होते आणि अलीकडचे बरेच वाईट होते. वडिलांनी ते कधी पाहिलेच नव्हते. त्यांना वाचून दाखवले. म्हणाले, शोधून काढ काय आहे ते.

हे काम मला येत होतं. पुण्यात मी तेच करत होते. लोकांच्या तक्रारी वाचायच्या, सारख्या सारख्या एका गठ्ठ्यात टाकायच्या, कुठला गठ्ठा मोठा ते साहेबांना सांगायचं. त्यातले नियमही पाठ होते. आधी गठ्ठे ठरवू नका, आधी वाचा. एका माणसाच्या दोन तक्रारी असतील तर दोन्ही वेगळ्या मोजा. ‘इतर’चा गठ्ठा फुगायला लागला तर समजा, काहीतरी नजरेतून सुटतंय. आणि चांगलं लिहिणाऱ्यांनाही वाचा, कारण आपल्याकडे लोक पाच तारे देऊन हळूच तक्रार करतात.

यातला एकही नियम मी पाळला नाही. आळस म्हणा, नाहीतर ती जी बधिरता होती ती म्हणा. नुसते तारे दिलेले बाजूला काढले, ते ठीकच होतं, त्यात वाचायला काही नव्हतं. पण चार-पाच ताऱ्यांचेही न वाचता सोडून दिले. उरलेले एकेक करून तक्त्यात उतरवले. कोणी मराठीत, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजी अक्षरांत हिंदी. प्रत्येकाला एकच गठ्ठा, आणि तोही त्यानं वापरलेल्या शब्दावरून. ‘उशीर’, ‘फ्रेम सैल’, ‘बोलणं’, ‘गाडी लावायला जागा नाही’, ‘नंबर चुकला’, ‘इतर’. मान दुखते, चक्कर येते, जिना उतरताना भीती वाटते, असली वाक्यं मी ‘इतर’मध्ये ढकलली. म्हाताऱ्या माणसांची रड, असं मनात आलं होतं. आता लिहितानाही लाज वाटते.

‘नंबर चुकला’ सगळ्यात मोठा निघाला. दुसरा कोणताच त्याच्या जवळपास नव्हता. नंबर काढायचं काम कोणाचं, तर तिचं. इतकं सोपं गणित होतं.

वडील म्हणाले, पोरगी चांगली आहे, जरा थांबून पाहू. मी म्हटलं, आकडे समोर आहेत. आकड्यांपुढे ते नेहमीच दबायचे; आपली मुलगी कॉम्प्युटर शिकलेली आहे याचं त्यांना फार अप्रूप. मग मी तिला बोलावलं, छापलेला कागद पुढे ठेवला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती कागद बराच वेळ वाचत राहिली.

“ताई, माझा नंबर चुकला असता तर साध्या काचेवालेबी बोंबलत आले असते ना,” ती म्हणाली. “ते काहून नाही आले?”

मी ऐकलं. पण आत काही गेलं नाही. कागदावर काय होतं तेच पुन्हा वाचून दाखवलं. ती डबा पिशवीत टाकून निघून गेली. मग मी जे केलं ते त्याहून वाईट होतं. त्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक अभिप्रायाखाली दुकानातर्फे उत्तर टाकलं: तपासणीत चूक झाली, संबंधित कर्मचारी आता आमच्याकडे नाही, पुन्हा अवश्य या. एकदा लिहिलं आणि सगळीकडे तेच चिकटवलं. काम संपवून चहा घेतला.

तिच्या जागी तपासायला एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांचा या धंद्यातला अनुभव माझ्या वयाएवढा. दोन महिन्यांत पुन्हा तेच सुरू झालं. नंबर चुकला. दूरचं धूसर दिसतं. त्यांपैकी एक आजोबा समोर येऊन बसले, तेव्हा त्या गृहस्थांनी पुन्हा तपासलं. नंबर तंतोतंत बरोबर होता.

त्या दिवशी तिचं वाक्य आठवलं. साध्या काचेवाले काहून नाही आले?

मी पहिला तक्ता बंद करून सगळं नव्यानं मांडायला घेतलं. या वेळी पाच ताऱ्यांसकट सगळे वाचले. एका माणसाच्या तीन तक्रारी असतील तर तीन ओळी. आणि तो कोणता शब्द वापरतो ते सोडून दिलं; त्याला नेमकं काय होतंय ते पाहिलं. जवळचं दिसत नाही की दूरचं? बसल्यावर त्रास होतो की चालताना? मान वर करतो की खाली? शेजारी आणखी एक रकाना केला आणि दुकानाच्या ऑर्डरच्या वहीतून कोणाला कोणती काच दिली ते भरलं. नकाशावर ‘एक वर्षापूर्वी’ एवढंच दिसतं, तारखाही वहीतूनच घ्याव्या लागल्या. सगळे सापडले नाहीत, कित्येकांनी मुलाच्या नाहीतर सुनेच्या नावानं लिहिलं होतं. पण जेवढे सापडले तेवढे पुरे होते.

‘नंबर चुकला’ हा गठ्ठाच राहिला नाही. त्यातले बहुतेक आणि ‘इतर’मधले मानदुखी-चक्करवाले एकत्र आले. एका बाईंनी पाच तारे देऊन लिहिलं होतं, काका खूप प्रेमळ, वाचायला एकदम मस्त, फक्त रस्त्यावर हनुवटी छातीला लावून चालावं लागतं. त्याही इथेच आल्या. वाचायला छान, दूरचं खराब, मान खाली घातली की बरं. आणि सगळ्यांची काच एकच: प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरच्या भागातून दूरचं, खालच्या भागातून जवळचं. ज्यांना साधी एका नंबरची काच दिली होती त्यांच्यापैकी जवळपास कोणीच नाही. तपासणी चुकली असती तर ते आधी आले असते.

अशा काचेत ग्राहकाच्या बुबुळासमोर नेमकी खूण करावी लागते. दूरचा भाग कुठे संपतो ते त्यावरून ठरतं. खूण वर गेली की वाचायचा भागही वर सरकतो आणि समोर पाहताना मध्ये येतो. ती खूण आमच्याकडे एकच माणूस करायचा.

तारखा पाहिल्या. तक्रारी आईच्या दिवसांनंतर सुरू झाल्या होत्या.

त्या दुपारी मी काउंटरवर बसून वडिलांकडे नुसती बघत राहिले. लहानपणापासून पाहिलं होतं, ते बुटक्या स्टुलावर ग्राहकासमोर बसायचे, डोळ्याला डोळा भिडवून काचेवर पेनानं ठिपका द्यायचे. आता ते उभे होते. आईचे तेरा दिवस खाली बसून काढल्यावर त्यांचे गुडघे धरले होते, आणि स्टूल कधी बाजूला गेलं ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही. उभ्यानं, वरून बघून, ते ठिपका देत होते. वरून पाहिलं की काचेवर बुबुळ आहे त्याहून वर दिसतं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक, बस.

ग्राहक गेल्यावर मी त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला. मी म्हटलं, त्या उत्तरांमध्ये आता लिहिते की चूक आमची होती.

“आमची काहून वं?” ते म्हणाले. “माझी होती. माझी लिही.”

मग त्यांनी वही घेतली आणि एकेकाला फोन लावायला बसले, काच बदलून देतो म्हणून. मी मात्र तिला जो फोन करायचा होता तो तीन दिवस टाळला.

ती कामठीला एका दुकानात लागली होती. मी सगळं सांगितलं. मग ती म्हणाली की नव्या मालकानं पहिल्याच आठवड्यात मोबाईलवर माझी उत्तरं काढून तिला विचारलं होतं, ही कर्मचारी तूच का. तिला तिथे अजून एकटीला तपासू देत नव्हते. कोणीतरी मागे उभं राहायचं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सगळी पुसून टाकते.

“पुसू नका ताई. पुसलं तर त्याले वाटंन, मीच सांगून काढाले लावलं. त्याच जागी खरं लिहा.”

लिहिलं. या वेळी चिकटवलं नाही. प्रत्येकाखाली वेगळं टाइप केलं: तपासणाऱ्या मॅडमचा नंबर बरोबर होता, काचेवरची खूण मालकांकडून चुकली, मॅडमना कामावरून काढणं हा आमचा अन्याय होता. एक संपलं की दुसरं. बोटं दुखली आणि दुखताहेत हे मला कळलं, कितीतरी महिन्यांनी. तिला संदेश पाठवला, परत येशील का म्हणून. दुसऱ्या दिवशी तिनं फोनच केला.

“नाही येत, ताई. तुमच्या घरी दुःख होतं, ते समजते मले. चूकबी कोणाची होऊ शकते. पण मी समोर बसून बोलून राहिली होती, अन् तुम्ही एकदाबी माझ्याकडे पाहिलं नाही.”

ते खरं होतं. सगळा वेळ मी कागदाकडे बघत होते. ती त्या दिवशी रडली का, हेसुद्धा मला ठाऊक नाही.