पिंपळनेरच्या बाजाराची किंमत

अभिमन आबांनी तीस वर्षं धुळ्यातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. मग आबा देवपुरातल्या घरी कॅनव्हासवर चित्रं काढू लागले. लोक मात्र त्यांना अजून पेंटरच म्हणत, आणि आबांना तो शब्द काट्यासारखा टोचायचा. एक तरी चित्र चित्रकाराचं म्हणून विकलं जावं, एवढीच त्यांची हौस उरली होती.

मुलगी दीपमाला हिने त्यासाठी वेबसाइट केली. प्रत्येक चित्राचा फोटो, नाव, माप, माध्यम, वर्ष, आणि खाली ‘किमतीसाठी विचारा’ असं बटण. ते दाबलं की नाव, फोन आणि निरोप लिहायचा. तो थेट आबांच्या ईमेलवर यायचा. खऱ्या किमतींची यादी तिने आबांच्या कपाटाला आतून चिकटवली.

“साइटवर किंमत नाही, म्हणजे किंमत ठरलेली नाही असं नव्हे,” तिने बजावलं. “माणूस कोणीही असो, आकडा हाच. आणि मूळ चित्र एकच असतं. पहिल्याने विचारलं की चार दिवस त्याच्यासाठी राखून ठेवायचं, दुसऱ्याला तसं कळवायचं.”

आबांनी मान डोलावली. मान डोलवायला त्यांचं काय जात होतं!

दीड महिना कोणी फिरकलं नाही. मग एका सोमवारी ‘पिंपळनेरचा बाजार’ या चित्राची चौकशी आली. चोवीस बाय छत्तीस इंच, तैलरंग. यादीत तीस हजार. विचारणारी नाशिकची ज्योती. निरोपात तिने लिहिलं होतं, ‘माझं माहेर पिंपळनेर.’

झालं! आबांचंही गाव पिंपळनेर. त्यांनी लगेच फोन लावला, वडिलांचं नाव विचारलं, गल्ली विचारली, आणि आजोबांच्या दुकानाची पाटी आपणच रंगवल्याचं निघाल्यावर तर विरघळलेच. “तुले आठ हजार, बेटा,” म्हणाले.

मंगळवारी त्याच चित्राची दुसरी चौकशी आली. प्रेमराज, नाशिकच्याच कुठल्याशा कंपनीचा साहेब. ना गाव, ना गल्ली. आबांनी ज्योतीसाठी चित्र राखून ठेवल्याचं त्याला सांगायला हवं होतं. पण साहेब काय घेणार आहे, नुसता विचारतोय, असं त्यांना वाटलं. त्यांनी रुबाबात उत्तर पाठवलं: पंचेचाळीस हजार, पॅकिंग आणि कुरिअर वेगळं.

बुधवारी फोन वाजला तेव्हा दीपमाला शेजारीच बसली होती. आबांनी हौसेने स्पीकर लावला.

“मी प्रेमराज. बायकोच्या वाढदिवसाला तुमचं चित्र द्यायचं होतं मला. काल तिला म्हटलं, माहेरचा बाजार घरी आणतो, पंचेचाळीस हजारांचा. ती म्हणाली, मला तर आठला मिळतोय. आता खरा भाव कोणता?”

म्हणजे ज्योती याचीच बायको! आबांना चोरी पकडली गेल्याची लाज वाटली नाही. गावच्या जावयाला सगळ्यात जास्त भाव सांगितला, याची वाटली. त्यांनी फोनवर हात ठेवला.

“आपला गावना जवाई शे तो! त्यानाकडथीन पैसा लेवाना का? दी टाकूत तसंच.”

“आबा,” दीपमाला दबक्या आवाजात म्हणाली, “माणूस बघून फुकट द्या, नाहीतर लाखाला विका. पण मग स्वतःला चित्रकार म्हणवून घेऊ नका.”

ते वर्मी लागलं. आबांनी हात काढला. चित्राला अडीच महिने लागले होते. बाजारातल्या बायांची नुसती लुगडी त्यांनी तीनदा खरवडून पुन्हा रंगवली होती. हे सगळं सांगावंसं वाटलं, पण तोंडातून एवढंच निघालं, “तीस हजार. दोघांना तीसच.”

पलीकडे कुजबुज झाली. साहेबाने बहुधा नको म्हटलं असावं. मग ज्योती बोलली, “चालेल, आबा. पैसे आजच पाठवते.”

दीपमालाने टाळी वाजवली. तिने लॅपटॉप ओढून चित्राखालचं बटण काढलं आणि ‘विकले गेले’ असं टाकलं. आबांचे डोळे भरून आले. राहवेना म्हणून त्यांनी फोनवर ज्योतीला विचारलं, “बेटा, राग तर नही ना उना? आठ सांगीसन तीस कयं मी.”

“राग कसला,” ज्योती हसली. “उलट बरं झालं. आठ हजार ऐकल्यावर मी ते स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर लावायचं ठरवलं होतं. आता हॉलमध्ये लावावं लागेल.”

फोन ठेवल्यावर दीपमाला किती तरी वेळ हसत होती. आबा कपाट उघडून ती यादी पहिल्यांदाच नीट वाचायला लागले.