दादासाठी देवनागरी

मोहाडीच्या तहसीलजवळ माझं सेवा केंद्र आहे. दिवसभर मी लोकांचे अर्ज मराठीत टाइप करते. कुणाच्या वेलांटीत चूक झाली तर मीच आधी चिडते, कारण अर्ज परत आला की बोलणी मला खावी लागतात. पण संध्याकाळी शटर ओढलं की देवनागरीचा मला कंटाळा यायचा. घरच्या ग्रुपवर मी इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहायची. आज kuthe, उद्या kute, परवा नुसतं kthe. सगळ्यांना कळत होतं. निदान तसं मी धरून चालले होते.

त्या सगळ्यांत माझा मोठा दादाही होता. तो जन्मापासून बहिरा. भंडाऱ्याच्या निवासी शाळेत आठवीपर्यंत शिकला आणि मग वडिलांबरोबर तलावावर जाळी टाकायला लागला. वडील गेल्यावर त्यांचा लाकडी डोंगा, म्हणजे छोटी होडी, त्याच्याकडे आला. त्या डोंग्याला तो दर वर्षी स्वतः डांबर लावायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

डोंगा जुना झाला होता. गावच्या मच्छीमार संस्थेकडून फायबरचा नवा मिळणार होता, म्हणून जुना विकावा असं लहान भावाच्या मनात आलं. बपेरा गावचा एक जण घ्यायला तयार होता. मी ग्रुपवर दादाला विचारलं, "Dada donga vikaycha ka?" एकदा नाही, आठवडाभरात तीनदा विचारलं. तिन्ही वेळा दादाचा अंगठा आला. बोलणं संपलं असं आम्ही समजलो. समोर बसून हातवाऱ्यांनी विचारायला गावी कोण जाणार? ग्रुप होता ना हाताशी.

त्या दिवशी सकाळी बपेऱ्याचा माणूस गाडी घेऊन आला आणि डोंगा चढवून घेऊन गेला. दादा तेव्हा तलावाच्या बांधावर होता. त्याने गाडी पाहिली, तिच्यामागे थोडा धावला आणि मग घरी न येता निघून गेला. दुपारी एक वाजता लहान भाऊ आणि दादाची बायको, माझी वहिनी, माझ्या केंद्रात येऊन उभे राहिले. भावाने आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. वहिनीच्या पायात चप्पल नव्हती.

मी हातातलं काम टाकलं. दादाच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला, त्याने कापला. "Dada kuthe ahes, ghari ye" असं त्याला एकट्याला पाठवलं. दोन्ही खुणा निळ्या झाल्या, म्हणजे त्याने उघडलं होतं. उत्तर नाही. पुन्हा पाठवलं, पुन्हा निळ्या. अंगठासुद्धा नाही. गाडी गेली त्या तुमसरच्या रस्त्यावर ट्रक किती जोरात जातात ते मला माहीत आहे, आणि त्याला हॉर्न ऐकू येत नाही. तिकडेच रेल्वेचं फाटकही आहे.

"वाचून राहिला, पण बोलत नाही," लहान भाऊ म्हणाला. "लई राग आला त्याले."

वहिनी दारातून पुढे आली. ती म्हणाली, "वाचून नाही राहिले ते, बाई. इंग्रजी अक्षरातलं त्यायले समजत नाही."

"मग अंगठा कसा देते?" मी विचारलं.

"तुमी सारे देता म्हणून. मले फोन दाखवतात, मले बी येत नाही. मग बाकीच्यायचे अंगठे पाहून थे बी देतात. मले वाटलं, तुमाले मालूम असन."

मला मालूम नव्हतं. इतकी वर्षं लोकांच्या अर्जांवर शहाणपण शिकवणाऱ्या मला एवढं साधं सुचलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांतली मराठी आपण मनात उच्चारून, कानाने वाचतो. स्पेलिंग कसंही असलं तरी कान सांभाळून घेतो. दादाला ABC येत होती, पण तो आवाज कुठून आणणार? त्याला शब्द फक्त डोळ्यांनी ओळखू येत होते, शाळेच्या पुस्तकात पाहिले तसे. आम्ही त्याच्यासमोर रोजचं नवंच स्पेलिंग टाकत होतो आणि तो बिचारा अंगठा देत होता. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की वहिनीकडे बघवेना.

मी फोन हातात घेतला. लहान भाऊ म्हणाला, "ताई, इंग्रजीतच टाक. ग्रुपवरची पोरं पटकन वाचतात, पुढे पाठवतात. मराठी टाइप करत बसशीन तं टाइम जाईन."

"हे पोरांसाठी नाही लिहून राहिली," मी त्याच्यावर खेकसले. "दादासाठी लिहून राहिली. अन् ग्रुपवरच टाकीन. त्याचा डोंगा सगळ्यांसमोर विकला, माफीबी सगळ्यांसमोरच मागीन."

आधी मी भावाला बपेऱ्याच्या माणसाला फोन लावायला सांगितलं. उगाच खोटं आश्वासन लिहायचं नव्हतं. तो माणूस कुरकुरला, पण डोंगा परत द्यायला तयार झाला.

मग लिहायला बसले. फोनवर इंग्रजीत टाइप केलं की मराठी शब्द सुचवले जातात. घाईत पहिला शब्द दाबला की भलताच बसतो, म्हणून प्रत्येक शब्द निवडून पुन्हा वाचत होते. पहिलं वाक्य झालं: "दादा, तुले न सांगता आमी डोंगा विकला." पाठवणार तेवढ्यात थांबले. 'तुले' हा शब्द आमच्या घरात दिवसातून शंभरदा बोलला जातो, पण दादाने तो कधी ऐकलेलाच नव्हता. त्याच्या पुस्तकात 'तुला' होतं. मी 'तुले' खोडलं, 'आमी'चं 'आम्ही' केलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासले. वाक्यं तोडून लहान केली.

लहान भाऊ खांद्यावरून पाहत होता. "आपल्या घरात अशी मराठी कोण बोलते?"

"दादा," मी म्हणाले.

शेवटी पोस्ट अशी झाली: "दादा, तुझा डोंगा आम्ही विकला. ही आमची चूक आहे. डोंगा परत येणार आहे. तू कुठे आहेस? कृपया लिही."

पाठवून दिली. लगेच नातेवाइकांचे अंगठे यायला लागले. एक, दोन, पाच. मला त्या अंगठ्यांचा संताप आला. दादाचाही त्यांच्यामागून आला असता तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही. वहिनी विचारत राहिली, "आलं का? आलं का?" मग दादाच्या नावापुढे तो टाइप करत असल्याचं दिसलं. थांबलं. पुन्हा दिसलं. पुन्हा थांबलं. त्या ग्रुपवर दादाला टाइप करताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

उत्तर आलं: "मला कोणी विचारले का नाही?"

"सांग ना त्याले," लहान भाऊ म्हणाला, "तीनदा विचारलं होतं. अंगठा त्यानंच देला."

माझ्याही बोटांनी 'विचारले होते' टाइप करून टाकलं होतं. तीन संदेश वर पुरावा म्हणून होतेच. मी त्या दोन शब्दांकडे पाहिलं आणि खोडले. लिहिलं: "तुला समजेल असे कोणीच विचारले नाही. मीही नाही."

दादाने संदेश उघडल्याचं दिसलं. वहिनी खाली जमिनीवरच बसली. मग दादाचा संदेश आला.

"तुमसर स्टँडवर आहे. भूक लागली आहे."

मी तो वहिनीला मोठ्याने वाचून दाखवला. पोरगं शाळेतून येऊन सांगतं तसलं साधं वाक्य. ते सांगायला आमच्या ग्रुपवर दादाला आजवर कुणी जागाच ठेवली नव्हती. मला तिथेच, अर्ज घेऊन आलेल्या लोकांसमोर, रडू फुटलं.