बाहेर बसल्या दिवसांतलं पोर

दर्यापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. त्या वर्षांत कपाशी लागोपाठ दगा देत होती, आणि गावातले तरुण नवरे पुण्याला नाहीतर सुरतेला पळालेले असायचे. मागे राहायच्या सासवा, सुना आणि त्यांच्या कटकटी, आणि त्या सगळ्या माझ्या टेबलावर यायच्या. मी थकले होते. माणसांचा कंटाळा येतो हे नर्सनं बोलू नये म्हणतात, पण मला यायचा.

एका लसीकरणाच्या दिवशी सगळं आवरून चहा ओतला, तेवढ्यात एक सासू सुनेला दंडाला धरून घेऊन आली. सून जेमतेम विशीची, माहेर तिवशाकडचं. लघवीची तपासणी केली. दिवस गेले होते.

मी हसून सांगायला गेले, तर सासूनं कपाळावर हात मारला.

"मंग हे पोर कोनाचं हाय, तेवढं सांगा. माह्या पोराचं तं नाही."

मुलगा पोळ्याला सुरतेहून आला होता, दोन रात्रींपुरता. नेमकी तेव्हाच सून 'बाहेर' बसलेली. त्यांच्याकडे पाळी आली की बाई मागच्या छपरीत बसते. तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की मगच घरात. हिनं पाणी घेतलं त्या दिवशी सकाळच्याच जीपनं मुलगा निघून गेला होता. त्यानंतर तो आलेला नव्हता.

"छपरीत बसल्या बाईले कोनी शिवते का?" सासू म्हणाली. "अन् शिवलं तरी त्या दिवसात पोर ठरते का? आमाले काय येडं समजते? उद्या तिवशाले नेऊन सोडतो इले."

सून खाली मान घालून म्हणाली, "ते आले होते छपरीत. चवथ्या दिवशी."

"खोटारडी!"

माझा चहा गार झाला. मी सासूला समोर बसवलं आणि विचारलं, हिची पाळी वेळेवर येते का? तर ती उसळलीच. "कायची वेळ? दर खेपेले तीन आठवडे झाले नाही का बसली बाहेर! चुलीपाशी मीच मरतो."

तिथंच उत्तर होतं. मी तिला सांगितलं, बाईचं बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. महिन्यानं पाळी येणाऱ्या बाईचं ते मध्यावर सुटतं, पण जिला तीन आठवड्यांनीच येते तिचं, अंगावरचं थांबतं न थांबतं तोच सुटू शकतं. एखाद्या महिन्यात नेमानं पाळी येणाऱ्या बाईचंही लवकर सुटतं. आणि पुरुषाचं बीज काही त्याच रात्री मरत नाही. बाईच्या पोटात ते पाच दिवसांपर्यंतही तग धरतं. चौथ्या दिवशी आत गेलेलं, हिनं पाणी घेतल्यावरही जिवंत असू शकतं. पाळीत दिवस राहण्याची शक्यता कमी, पण नाहीच असं नाही.

सासू पुढं सरकली. "म्हंजे माह्या पोराचंच हाय?"

"असू शकतं, एवढं मी सांगू शकते. आहे की नाही ते तुमची सून सांगते आहे. हिला विचारा."

तिनं सुनेकडं पाहिलंसुद्धा नाही. "त्याले फोन लावा," म्हणाली.

मी माझ्याच मोबाइलवरून लावला, स्पीकरवर. मागे यंत्रांचा खडखडाट होता. आईनं सरळ विचारलं, "तू छपरीत गेलता का रे?" तिकडून काहीच येईना. सुनेनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं, आणि मला त्या गप्प बसलेल्या बाप्याचा असा संताप आला! बायकोचं घर जायची वेळ आलीय आणि याला आईची लाज वाटून राहिलीय. मी फोन हिसकावून ओरडले, "बोला हो! इथं बाई उभी आहे तुमची."

मग तो बोलला. "हो, माय. गेलतो."

एवढ्यावर मिटलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर क्षणात नातवाचं हसू आलं. मुलाला ती एक शब्द बोलली नाही. फोन ठेवल्यावर मात्र सुनेला म्हणाली, "तुले तरी समजाले पायजे होतं. त्याले कावून येऊ देलं? आता घरी गेल्यावर आधी गोमूत्र शिंपडजो समद्या घरात." आणि चप्पल घालायला बाहेर गेली.

मी सुनेला बसवून तिचं कार्ड भरत होते. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, पुढच्या तपासणीला कधी यायचं ते सांगितलं. वाटलं, आता तरी ही जरा मोकळी होईल. ती उठली नाही.

"तुमी सांगतलं तं त्यायनं आयकलं," ती म्हणाली. "ते बोलले तं खरं मानलं. मी आठ दिवसापासून हेच सांगून राहिली होती, सिस्टर. हेच."

बाहेरून सासूनं हाक मारली, "चाल वं, उशीर होते," आणि ती गोळ्या पदराशी धरून तिच्या मागे निघाली.