उन्हाने उडालेला रंग

माऊस हातात घेण्याआधी तो शर्टाच्या बाहीला पुसायचा, जसा ब्रश पुसतात तसा.

पडद्यावर काहीही तयार झालं की खुर्ची मागे सारून थेट भिंतीला पाठ टेकायची, एक डोळा मिटायचा, आणि मगच बोलायचं.

फॉन्टला फॉन्ट म्हणायचं नाही. वळण म्हणायचं. "या वळणाला पोट सुटलंय. दुसरं काढ."

रंगाचा आकडा पेन्सिलीने भिंतीवर लिहायचा आणि शेजारी त्याचं खरं नाव: शाळेच्या फाटकाचा हिरवा, दवाखान्याचा निळा, नवऱ्यामुलाच्या बुटाचा काळा.

रस्त्याने चालताना पाट्या वाचायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. त्यामुळे नेहमी चुकीच्या दुकानात शिरायचं.

पेंटरकाकांच्या या सवयी तिने पहिल्याच महिन्यात टिपून ठेवल्या होत्या. ती साहित्यात पदवी घेऊन बाहेर पडली होती आणि तिला कोणी विचारत नव्हतं. छापखान्याच्या मागच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला, पेंटरकाका छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट बनवून देत. मजकूर लिहायला कोणीतरी हवं होतं. पहिल्याच दिवशी तिने त्यांच्या एका ओळीतल्या तीन चुका काढल्या. तेव्हापासून ते तिला मास्तरीण म्हणू लागले.

तीस-पस्तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग छापील फलक आले आणि ब्रश डब्यात गेले. बरोबरीच्या पेंटरांनी हात टेकले. काकांनी भाच्याचा जुना लॅपटॉप उचलून आणला आणि साठीच्या उंबरठ्यावर नव्याने धुळाक्षरं गिरवली. "पाटी तीच," ते म्हणायचे. "फक्त आता शिडी लागत नाही."

एका दुपारी शिंपीणताई आली. पलीकडच्या गल्लीत तिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. वडील आदल्या वर्षी गेले आणि मशीन तिच्या हाती आलं. लहानपणी ती इतकी बारीक होती की काकांनी तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. आता चाळिशी ओलांडली तरी नाव तेच.

"काका, इमारतीची दर्शनी भिंत पाडून नवी बांधतायत. आमची पाटी उतरणार. दुकान वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला जाणार. रस्त्यावरून कोणाला दिसणारसुद्धा नाही."

"मग?"

"मग आता वेबसाइट हीच पाटी. मी स्वतःच बनवली हो, पण ती आमची वाटत नाही. बाबांच्या गिऱ्हाइकांनी ओळखली नाही, तर मी संपले."

मास्तरणीला एक ठाऊक होतं. त्या सबंध भागात त्यांच्या हातची तेवढी एकच पाटी उरली होती. उन्हाने विटलेल्या पट्टीवर मलईच्या रंगात एकच शब्द: टाका. दार अरुंद होतं, म्हणून नाव आखूड.

चिमणीने लॅपटॉप उघडला. वेबसाइटसाठी तिने निवडलेला तयार साचा देखणा होता. पूर्ण पडदाभर फोटो, त्यात समुद्रकाठी पांढऱ्या झग्यातली एक बाई, खाली बारीक बारीक अक्षरं.

"ही कोण?" काकांनी विचारलं.

"कोण जाणे. साच्याबरोबर आली."

"झगा तू शिवलास?"

"काका!"

"मग हाकल तिला. साचा बघायचा तर आधी त्यातले पाहुणे बाहेर काढायचे. घर कसं आहे ते तेव्हा कळतं."

मास्तरणीने नमुन्याचे फोटो काढून चिमणीच्या फोनमधले टाकले. शाळेचे गणवेश, दुरुस्तीला आलेली पँट, सुताच्या रिळांची फळी. साचा क्षणात कोसळला. उभे फोटो मधोमध कापले गेले. गणवेशाला गळाच राहिला नाही. मराठी मथळ्यांची तर दैना झाली. साच्याच्या वळणात मराठी अक्षरं मुळातच नव्हती, म्हणून लॅपटॉप आपल्याजवळची कुठलीतरी वापरत होता. ओळी इतक्या चिकटलेल्या, की वेलांट्या वरच्या ओळीत घुसत होत्या.

"आणि हे बघा," मास्तरीण म्हणाली. "ताईंनी रंग प्रत्येक बटणावर वेगळा बसवलाय. तेवीस ठिकाणी."

"तेवीस? अगं चिमणे, रंग मुळात एकदाच द्यायचा. सेटिंगमध्ये मुख्य रंग म्हणून. मग सगळी बटणं आपोआप मुकाट्याने तो अंगावर घेतात. तू तर प्रत्येक बटणाला वेगळं बोलावून रंगवत बसलीस."

"मला काय माहीत! मी बाह्या लावणारी बाई."

सगळे हसले. नवा साचा निवडला तो अगदी साधा. पहिल्याच पडद्यावर काय शिवून मिळतं आणि मापं कशी पाठवायची, एवढंच. मराठी अक्षरं असलेलं एक वळण घेतलं, मथळ्याला जाड आणि मजकुराला साधं. ओळींत हवा ठेवली. लोगोसाठी चिमणीने पाटीचा फोटो आणला होता. तो मोठा केला की अक्षरांच्या कडा फाटत. काकांनी त्या फोटोवर एकेक बिंदू ठेवत अक्षरं नव्याने गिरवली, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा धारदार राहतील. त्यात दोन दिवस गेले. पडद्यावरसुद्धा त्यांनी आधी वरची आणि खालची रेघ आखून घेतली. हाताने लिहिताना आखत, तशीच.

घोडं अडलं ते रंगापाशी.

चिमणीने फोनमधल्या फोटोवरून रंग उचलला होता. फिका, विटकरीकडे झुकणारा, थोडा गुलाबी. काका भिंतीला टेकले. डोळा मिटला. उघडला.

"हा मी दिलेला रंग नाही."

"असं कसं? पाटीवरूनच तर उचललाय."

"पाटीवरून नाही. उन्हावरून उचललायस."

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवायला माणसं येणार होती. तिघेही खाली जाऊन उभे राहिले. पाटीला वरून एक लोखंडी पट्टी होती. ती सोडवली तेव्हा बोटभर रुंदीचा एक डाग दिसला. सूर्याने कधीही न पाहिलेला. पिकलेल्या डाळिंबासारखा लाल, काळ्याच्या उंबऱ्यावरचा.

काकांनी त्यावरून अंगठा फिरवला. "हा," ते म्हणाले. "तीन डबे घोटून केला होता. तुझ्या बापाने शेजारी उभं राहून करून घेतला. अजून थोडा, अजून थोडा म्हणत."

चिमणीने वाकून तो डाग जवळून बघितला. मग म्हणाली, "काका, रागावू नका. पण मी हा रंग कधी बघितलाच नाही."

"तू शिडीखाली उभी होतीस की. रंग ढवळायची काडी हातात घेऊन."

"चार वर्षांची होते. मला आठवतो तो फिकाच. शाळेतून येताना कोपऱ्यावरून दिसायचा. दिसला की घर आलं."

काकांनी मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हे. ते खोलीत परतले आणि दिवसभर ब्रशांचा जुना डबा आवरत बसले. मास्तरणीला त्यांचं ते मुकाट आवरणं बघवेना. जाताना ती म्हणाली, "काका, रंग कोणाचा असतो? देणाऱ्याचा की बघणाऱ्याचा?"

"मास्तरीण, परीक्षा घेऊ नकोस," ते म्हणाले.

चिमणीने तिकडे परस्पर एक काम केलं. लोगो दोन रंगांत करून वडिलांच्या जुन्या गिऱ्हाइकांना पाठवला. गडद बघून लोकांनी विचारलं, नवीन दुकान का? फिका बघून एका म्हातारीने लिहिलं, तुझ्या बाबांनी माझ्या मुलाचा पहिला कोट इथेच शिवला. बाकीच्यांचीही उत्तरं त्याच चालीची.

तिने ती काकांना वाचून दाखवली. काकांनी ऐकलं. मग माऊस बाहीला पुसला आणि मुख्य रंगाच्या चौकटीत फिका रंग भरला. सगळं पान एका झटक्यात बदललं. ते भिंतीकडे गेले.

मास्तरणीला वाटलं, संपलं. हार मानली त्यांनी.

"वाचता येत नाही," काका म्हणाले.

"काय?"

"मापं पाठवा, असं आहे ना बटणावर? पांढरी अक्षरं फिक्यात विरघळली. माझ्या वयाच्या माणसाला दिसणार नाहीत. आणि तुझी गिऱ्हाइकं माझ्याच वयाची."

मास्तरणीने पांढरा आणि फिका, दोन्ही रंग अक्षरांचा उठाव मोजणाऱ्या साधनात घातले. बारीक अक्षरांसाठी साडेचार पट फरक लागतो. आला अडीचच्या थोडा वर. मग तिने गडद डाळिंबी घातला. आकडा साडेचारच्याही सहज दुपटीपुढे गेला.

काका खुर्चीत बसले. वरच्या रुंद पट्टीला फिका ठेवला, त्यावर मलईच्या ठसठशीत अक्षरांत टाका. बटणं, दुवे आणि मथळे गडद केले. पुन्हा भिंतीला टेकले. या खेपेला दोन्ही डोळे उघडे होते.

"लांबून ओळखायचा तो उन्हाचा," ते म्हणाले. "जवळ येऊन हात लावायचा तो माझा आणि तुझ्या बापाचा."

चिमणीने डोळे टिपले आणि लगेच म्हणाली, "भिंतीवर नाव काय लिहिणार याचं?"

त्यांनी पेन्सिल घेतली. गडदाच्या आकड्यापुढे लिहिलं, पट्टीखालचा. फिक्याच्या आकड्यापुढे लिहिलं, घर आलं.

साइट सुरू झाली. पहिल्या आठवड्यात त्या म्हातारीच्या नातवाची मापं आली. चिमणीने फोन करून सांगितलं आणि काका आनंदाने पुन्हा चुकीच्या दुकानात शिरले.

एकच काम उरलं होतं. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं चिमुकलं चिन्ह. तिथे अजून साच्याचंच चिन्ह होतं, कुठलंसं हिरवं पान. मास्तरणीने आख्खा लोगो घालून बघितला, तर तांदळाएवढ्या जागेत नुसता डाग झाला.

"तिथे शब्द मावत नाही," काका म्हणाले. "एकच अक्षर. ट. आणि तेही वेगळं काढावं लागेल, जाड, पोट मोकळं ठेवून. लहान पाटीला मोठ्या पाटीपेक्षा जास्त वेळ लागतो. सोमवारी करतो."

सोमवारी सकाळी मास्तरीण आली तेव्हा छापखान्याचं शटर अर्धंच वर होतं. छापखान्याचा मालक बाहेर उभा होता. त्याने सांगितलं. काका गेले. पहाटे, झोपेतच. ती गठ्ठ्यांवर बसली. तिच्याजवळ इतके शब्द होते आणि एकही उपयोगाचा नव्हता. भिंतीवर आकडे होते, नावं होती. शाळेचं फाटक. दवाखाना. घर आलं.

चार दिवसांनी तिने लॅपटॉप उघडला. फाइल शनिवारची होती. म्हणजे सोमवारची वाट न बघता त्यांनी सुरुवात केली होती. वरची रेघ आखलेली, खालची रेघ आखलेली. शिरोरेघ झाली होती. तिच्यातून दांडा उतरला होता. पोटाचा बाक अर्ध्यापर्यंत वळून थांबला होता. पुढचे दोन बिंदू ठेवलेले होते, जोडायचे राहिलेले.

जोडणं अवघड नव्हतं. त्यांनीच तिला शिकवलं होतं.

तिने माऊस बाहीला पुसला. खुर्ची मागे सारून भिंतीला टेकली, एक डोळा मिटला. मग फाइल तशीच बंद केली.

टॅबवर अजून ते हिरवं पान आहे.